'मंकीपॉक्स'चे 'एमपॉक्स' झाले, मग 'चांदीपुरा' तसेच का?

शब्दसेतू: आरोग्यविषयक माहितीपत्रकाचे मराठीकरण करताना एका अडचणीत सापडले आहे. मूळ मजकुरात एमपॉक्स आणि चांदीपुरा असे दोन्ही आजार आहेत. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे, की रोगाच्या नावात गाव, माणूस किंवा प्राणी आणायला आता मनाई आहे, म्हणून 'चांदीपुरा' हा शब्द गाळून तिथे निव्वळ 'विषाणूजन्य मेंदूज्वर' लिहावे. खरोखरच अशी मनाई आहे का, आणि ही नावे ठरवते कोण?

जुनी वही: मनाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली तसा नियम केला आणि तेव्हापासून रोगांना व विषाणूंना नावे देण्याचे सर्व अधिकार तिच्याकडेच आहेत. त्यामुळे जपानी मेंदूज्वर, चांदीपुरा, इबोला ही सगळी नावे आता कालबाह्य समजावीत. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला योग्य वाटतो.

सूक्ष्मदर्शी: साल बरोबर आहे, पण पुढच्या दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अन्न व कृषी संघटना आणि प्राणिआरोग्याची जागतिक संघटना यांच्यासह जी सूत्रे जाहीर केली, ती माणसांत नव्याने आढळणाऱ्या संसर्गजन्य रोगांसाठी आहेत, रूढ झालेल्या नावांना ती आपोआप लागू होत नाहीत. स्थळ, व्यक्ती, प्राणी, खाद्यपदार्थ, व्यवसाय किंवा समाज यांचा उल्लेख टाळावा, 'जीवघेणा' यांसारखे भीती पसरवणारे शब्दही टाळावेत, आणि त्याऐवजी लक्षणे, तीव्रता, बाधित होणारा वयोगट व माहीत असल्यास रोगकारक यांवरून नाव बांधावे, असा त्यांचा आशय आहे.

दुसरे म्हणजे, रोगाचे नाव आणि विषाणूचे नाव एकाच ठिकाणी ठरत नाही. रोगाचे नाव जागतिक आरोग्य संघटना आपल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात पक्के करते, तर विषाणूंच्या प्रजातींची नावे विषाणूंचे वर्गीकरण करणारी आंतरराष्ट्रीय समिती ठरवते, आणि तिचा आधार मुख्यतः विषाणूंमधील नात्यांचा असतो. ११ फेब्रुवारी २०२० रोजी हे स्पष्ट दिसले. त्या एकाच दिवशी आरोग्य संघटनेने रोगाला 'कोविड-१९' म्हटले आणि वर्गीकरण समितीच्या अभ्यासगटाने विषाणूला 'सार्स-कोव्ह-२' असे नाव दिले, कारण तो २००३ च्या सार्स विषाणूचा जवळचा नातलग होता.

शब्दसेतू: मग मंकीपॉक्स हे तर जुनेच नाव होते. ते का बदलले?

सूक्ष्मदर्शी: हेच उदाहरण नीट पाहण्याजोगे आहे. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत आणलेल्या माकडांमध्ये हा विषाणू प्रथम सापडला आणि तेवढ्यावरून त्याचे नाव पडले. माणसातला पहिला रुग्ण १९७० साली काँगोमध्ये नोंदला गेला. निसर्गात हा विषाणू नेमका कोणत्या प्राण्यांत टिकून राहतो हे अजून पक्के ठरलेले नाही, परंतु संशय माकडांपेक्षा खारी आणि उंदरांच्या वर्गातील प्राण्यांवर अधिक आहे. २०२२ मध्ये साथ अनेक देशांत पसरली तेव्हा ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांना मारल्याच्या आणि विष घातल्याच्या घटना घडल्या, वस्तुतः तिथला संसर्ग माणसाकडून माणसाला होत होता. त्याच सुमारास आफ्रिकेशी आणि कृष्णवर्णीयांशी या नावाचा अवमानकारक संबंध जोडला जात असल्याची तक्रारही अनेक देशांनी व तज्ज्ञांनी केली.

बदल दोन टप्प्यांत झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने 'काँगो खोरे' आणि 'पश्चिम आफ्रिका' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन शाखांना रोमन आकडे देऊन शाखा एक आणि शाखा दोन म्हणायचे ठरवले. रोगाच्या नावाला अधिक वेळ लागला, कारण वर्गीकरणाच्या पद्धतीप्रमाणे प्रस्ताव सर्वांसाठी खुले होते आणि सल्लागार समित्यांची मते घ्यायची होती. विचारात घेतलेल्या बाबींमध्ये उच्चारसुलभता, निरनिराळ्या भाषांत वापरता येणे आणि जुने संशोधन शोधताना अडचण न येणे यांचाही समावेश होता. अखेर २८ नोव्हेंबर २०२२ रोजी 'एमपॉक्स' जाहीर झाले, एक वर्ष दोन्ही नावे चालतील असे ठरले, आणि जुना शब्द शोधासाठी वर्गीकरणात राखून ठेवला गेला. विषाणूच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव मात्र आजही 'ऑर्थोपॉक्सव्हायरस मंकीपॉक्स' असेच आहे, कारण तो निर्णय दुसऱ्या समितीचा आहे.

रानवाट: आमच्या दोडामार्ग भागात माकडताप आहे, म्हणून विचारतो, सरकार आता त्याचेही नाव बदलणार का? आमचा अनुभव असा, की हे नाव लोकांच्या कामी येते. रानात मेलेले माकड दिसले की आरोग्य केंद्राला कळवायचे, हे नावामुळेच लक्षात राहते.

सूक्ष्मदर्शी: असा कोणताही निर्णय झालेला नाही, आणि मूळ प्रश्न अधिकृत नावांचा आहे, लोकांच्या बोलीतील नावांचा नाही. त्या रोगाचे अधिकृत नाव कर्नाटकातील क्यासनूर जंगलावरून पडले, १९५७ साली तो तिथे ओळखला गेला. तुमचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. हा ताप माणसाला प्रामुख्याने गोचिडीच्या चाव्याने होतो, तेव्हा नाव ऐकून जो केवळ माकडांपासून दूर राहील आणि काजूच्या बागेत अंग न झाकता, तेल न लावता जाईल, त्याला ते नाव चुकीच्या दिशेने सावध करते.

रानवाट: तेल आम्हाला वाटले जाते, आणि गोचीड आम्हाला ठाऊक आहे. शहरातून आलेल्याला ठाऊक नसेल, हे मान्य.

नागपूरकर: चांदीपुरा ही आमच्या नागपूरची वस्ती. १९६५ मध्ये इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, हा विषाणू वेगळा केला. २०२४ मध्ये साथ आली ती गुजरातेत, आणि परगावचे नातलग काळजीने आम्हाला फोन करत होते. साठ वर्षांपूर्वी नमुना कुठे घेतला, याची शिक्षा त्या वस्तीने किती काळ भोगायची?

जुनी वही: इबोलाच्या वेळी हाच विचार झाला होता. १९७६ मध्ये यांबुकू गावाला बट्टा लागू नये म्हणून शास्त्रज्ञांनी गावाऐवजी नदीचे नाव घेतले. तेव्हा संकोच २०१५ च्या आधीपासूनचा आहे, हे माझ्या आधीच्या विधानाला जोडून घ्यावे.

सूक्ष्मदर्शी: अगदी बरोबर. कोविडच्या उपप्रकारांच्या बाबतीत हा संकोच आपल्याही वाट्याला आला. महाराष्ट्रातील नमुन्यांमुळे चर्चेत आलेल्या B.1.617 या वंशाला जगभर 'भारतीय' म्हटले जाऊ लागले होते. ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची पद्धत आली आणि त्याच्या B.1.617.2 या शाखेला 'डेल्टा' नाव मिळाले. नवा प्रकार प्रथम शोधून कळवणाऱ्या देशालाच बदनामी सोसावी लागली, तर पुढच्या वेळी कळवताना हात आखडला जाण्याचा धोका असतो. पुढे 'ओमिक्रॉन'च्या आधीची दोन अक्षरे वगळली गेली: 'न्यू' हे इंग्रजीतील 'नवा'सारखे ऐकू येते म्हणून आणि 'शी' हे रूढ आडनाव आहे म्हणून.

शब्दसेतू: तर मग पत्रकात काय लिहावे?

सूक्ष्मदर्शी: 'एमपॉक्स' तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात 'पूर्वीचे मंकीपॉक्स' असे जोडावे. हा शब्द इतर भाषांतही वापरता येतो, असे संघटनेने तेव्हाच सांगितले आहे. 'चांदीपुरा' गाळू नये. विषाणूजन्य मेंदूज्वर अनेक विषाणूंमुळे होतो, आणि नाव काढले तर वाळूमाशीपासून मुलांना जपण्याची जी विशिष्ट सूचना आहे, ती कशासाठी हेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

नागपूरकर: निदान 'नागपूरचा विषाणू' असे तरी कोणी लिहू नये. नाव बदलण्याचा प्रस्ताव वर्गीकरण समितीपुढे मांडता येतो का, याची मी चौकशी करणार आहे.