मदत हवी आहे: माती आरोग्य पत्रिकेत पालाश 'जास्त', तरी शिफारशीत पोटॅश का?

औसा तालुक्यातल्या मामांनी माती आरोग्य पत्रिकेचा फोटो पाठवलाय. काळी जमीन, कोरडवाहू सोयाबीन, क्षेत्र एक एकर. सामू ८.२, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के, नत्र १८२ (कमी), पालाश ४६५ (जास्त).

"१८२ किलो नत्र टाकायचंय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हा आकडा जमिनीत आत्ता किती उपलब्ध आहे त्याचा, टाकायचा नव्हे, हे त्यांना पटलं. खतांचे दोन पर्याय दिलेत, एक सुपर फॉस्फेटचा, दुसरा डीएपीचा. त्यातला एकच घ्यायचा, हेही सांगितलं. नाहीतर दोन्ही आणायला निघाले होते! शिफारस हेक्टरी असल्याने २.५ ने भागलं: सुपर फॉस्फेट ३७५ किलो म्हणजे एकरी १५०, तीन गोण्या. युरिया ६५ म्हणजे एकरी २६.

इथवर ठीक. पण पालाश 'जास्त' असूनही म्युरेट ऑफ पोटॅश हेक्टरी ५० किलो लिहिलंय. मामा म्हणतात, मग ते विकत कशाला घ्यायचं?

शिवाय जस्ताचा आकडा घडीवर आल्याने ०.४२ आहे की ०.९२ ते कळत नाही आणि शेरा फोटोत कापला गेलाय. मर्यादा ०.६ पीपीएम, म्हणजे सगळा निकाल त्या एका अंकावर. मूळ पत्रिकेवरही तो पुसटच आहे.

शेणखत जेमतेम एक गाडी मिळेल. पेरणीआधी माती पुन्हा तपासून मिळणार नाही.

तर या जमिनीत यंदा पोटॅश पूर्ण वगळावं की थोडं द्यावं? आणि जस्ताचा अंक नक्की नसताना एकरी १० किलो झिंक सल्फेट टाकलं तर चालेल का?