अनुभव धागा: ऑब्जेक्टिव्ह निघाला तरच तपासतात तो पेपर तुम्ही कसा लिहिलात?

सुपारीचं झाड

बँकेच्या पीओ मेन्सला ऑब्जेक्टिव्ह संपला की त्याच खुर्चीत बसून, त्याच कॉम्प्युटरवर अर्ध्या तासाचा डिस्क्रिप्टिव्ह टाईप करावा लागतो. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की ऑब्जेक्टिव्हमध्ये पुरेसे वर असाल तरच तो तपासला जाईल. त्या एका वाक्यानं माझं एक वर्ष गेलं, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी असा पेपर दिलाय, मग तो निबंध असो, पत्र असो की सारांश, त्यांनी आपापलं लिहा.

आधी माझं सांगते. ‘आधी ऑब्जेक्टिव्ह तर निघू दे’ असं म्हणत मी एकही निबंध टाईप करून पाहिला नव्हता. वहीत पाच-सहा लिहिले होते, तेही आरामात तासभर घेऊन. परीक्षेत निबंध आणि पत्र असे दोन प्रश्न आले. निबंधाचा विषय ओळखीचा निघाला आणि तिथेच घात झाला, कारण लिहायला खूप होतं. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा 22 मिनिटं गेली होती. पत्राचं शेवटचं वाक्य ‘आय रिक्वेस्ट यू टु’ इथपर्यंत आलं आणि स्क्रीन बंद झाली. पुढचं वाक्य डोक्यात पूर्ण तयार होतं.

ऑब्जेक्टिव्ह निघाला, म्हणजे पेपर तपासला गेला. 50 पैकी 18 मिळाले. मुलाखतीच्या यादीत मी साडेतीन मार्कांनी नव्हते. पत्र पूर्ण झालं असतं तर? हा प्रश्न आजही मला सोडत नाही.

नांदेडकर_07

ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. डिस्क्रिप्टिव्हचे मार्क धरतच नाहीत, फक्त पास व्हायचं असतं. माझ्या रूममेटनं एलआयसीच्या एएओला सगळं साधं सरळ लिहिलं आणि लागला. तुमचे साडेतीन मार्क ऑब्जेक्टिव्हमध्येच गेले असणार.

शाखा अधिकारी (8 वर्षं)

नांदेडकर, एलआयसी एएओचं तुमचं बरोबर आहे. तिथला इंग्रजी डिस्क्रिप्टिव्ह फक्त पात्रतेपुरता असतो. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या एओलाही तसंच होतं, अंतिम यादीत ते मार्क येत नाहीत. स्टेट बँकेच्या पीओला मात्र येतात. ऑब्जेक्टिव्ह 200 आणि डिस्क्रिप्टिव्ह 50 असे 250 धरतात, त्याचे 75 करतात आणि उरलेले 25 मुलाखत वगैरेचे. म्हणजे डिस्क्रिप्टिव्हचा एक मार्क आणि ऑब्जेक्टिव्हचा एक मार्क अंतिम यादीत सारख्याच वजनाचे. डिस्क्रिप्टिव्हमधले दहा मार्क म्हणजे शंभरातले तीन. जाहिरात उघडली की पहिल्यांदा हेच शोधा: हा पेपर मोजतात, की फक्त पार करायचा असतो? दोन्हींची तयारी वेगळी.

‘तरच तपासतात’ या वाक्याचा अर्थही मुलं उलटा घेतात. तुमचा पेपर तपासणाऱ्यापुढे गेला याचाच अर्थ तुमच्याबरोबर उरलेले सगळे ऑब्जेक्टिव्हमध्ये चांगले आहेत. तिथे सगळे दोन-चार मार्कांच्या अंतरात दाटीवाटीनं उभे असतात. त्या गर्दीत 18 आणि 28 मधला फरक फार मोठा.

किल्लारीची

मी टायपिंगचं लिहिते, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं. घरी कॉम्प्युटर नव्हता, मोबाईलवर दोन अंगठ्यांनी जोरात टाईप करायचे आणि वाटायचं की जमतंय. परीक्षेतला कीबोर्ड समोर आल्यावर एकेक अक्षर शोधत बसले.

नंतर हिशोब केला. 250 शब्दांचा निबंध आणि 150 शब्दांचं पत्र म्हणजे 400 शब्द. मिनिटाला 20 शब्द पडत असतील तर 20 मिनिटं नुसती बडवण्यात जातात, विचाराला आणि वाचून बघायला उरतात दहा. माझे तेव्हा 12 पडत होते. म्हणजे अर्ध्या तासात मी 400 शब्द टाईप करूच शकत नव्हते, विषय कितीही येत असो. लातूरला टायपिंगच्या क्लासला तीन महिने गेले, 28 वर आले. दुसऱ्या वेळी शेवटची चार मिनिटं नुसती वाचायला मिळाली. चुका खाली लाल रेघेनं दाखवल्या जात नाहीत हे लक्षात ठेवा. मी ‘गव्हर्न्मेंट’च्या स्पेलिंगमधला ‘एन’ दोनदा खाल्ला होता, तो त्या चार मिनिटांत सापडला.

साताऱ्याची_रणरागिणी

माझा पेपर हातानं लिहायचा होता, चालेल ना? यूपीएससीची सीएपीएफ असिस्टंट कमांडंट. सकाळी 10 ते 12 पहिला पेपर, ऑब्जेक्टिव्ह, 250 मार्क. दुपारी 2 ते 5 दुसरा, 200 मार्कांचा. त्यात 80 निबंधांचे, बाकी 120 मध्ये उतारा, सारांश, भाषा. पहिल्यात ठरलेले किमान मार्क असतील तरच दुसरा तपासतात. पण दोन्ही एकाच दिवशी, त्यामुळे लिहिताना तुम्हाला काहीच माहीत नसतं.

त्या दोन तासांच्या सुट्टीबद्दल सांगायचंय. केंद्राबाहेर झाडाखाली डबा खात होते. शेजारी पोरांनी उत्तरं जुळवायला सुरुवात केली. माझी ओळीनं चार चुकलेली निघाली. डबा तसाच बंद केला. दुपारी निबंध लिहिताना प्रत्येक परिच्छेदाला वाटत होतं की हे कोण वाचणार आहे. शेवटचा निबंध मी पानभरातच गुंडाळला. निकाल लागला तेव्हा पहिला पेपर व्यवस्थित पार झाला होता. त्या पोरांचीच उत्तरं चुकीची होती. पुढच्या वर्षी डबा घेऊन सरळ पलीकडच्या गल्लीत जाऊन बसले.

एक शंका आहे. निबंध हिंदीत लिहिता येतो, पण सारांश इंग्रजीतच. माझा सारांश दरवेळी उताऱ्यातल्याच वाक्यांची गोधडी होतो. कुणी समजावेल का?

शाखा अधिकारी (8 वर्षं)

ताई, मराठीतच दाखवतो, पद्धत तीच आहे. स्टेट बँकेच्या पीओलाही 2025 च्या जाहिरातीत ईमेल, अहवाल यांच्या जोडीला सारांश आलाय, त्यामुळे बँकवाल्यांनाही उपयोग होईल. हा साधारण 60 शब्दांचा उतारा मीच लिहिलाय. आपल्याला तो एक तृतीयांश, म्हणजे 20 शब्दांच्या आसपास करायचा आहे.

‘पूर्वी गावात विहिरी होत्या तेव्हा पाणी किती खाली गेलंय हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसायचं, त्यामुळे उन्हाळा जवळ आला की लोक आपोआप जपून वापरायचे. नंतर बोअरवेल आल्या. 400 फूट, 600 फूट, काही ठिकाणी तर 1000 फूट खोल गेल्या. खाली किती पाणी उरलंय हे आता कुणालाच दिसत नाही. बटण दाबलं की पाणी येतं, आणि एक दिवस बटण दाबूनही येत नाही, तेव्हाच गावाला टंचाई कळते.’

बहुतेक मुलं असं लिहितात: ‘पूर्वी विहिरी होत्या. नंतर 400 ते 1000 फूट बोअरवेल आल्या. पाणी दिसत नाही. बटण दाबलं की पाणी येतं, पण एक दिवस येत नाही.’

शब्द कमी झाले, पण उतारा नेमकं काय म्हणतो ते गेलं. ‘त्यामुळे’ हा शब्द गाळला. उताऱ्याचा सगळा भार त्या एका शब्दावर आहे: दिसत होतं त्यामुळे जपत होते. आकडे मात्र ठेवले, ते नुसते उदाहरणापुरते होते. आता हे वाचा:

‘विहिरीतली घटती पातळी दिसत असल्याने लोक वेळीच काटकसर करत, बोअरवेलमध्ये साठा नजरेआड असल्याने पाणी पूर्ण संपल्यावरच टंचाईची जाणीव होते.’

19 शब्द. ‘बटण’ नाही, ‘फूट’ नाही, पण कारण आणि परिणाम दोन्ही आहेत. मी काय केलं, तर पहिल्यांदा वाचताना हात कीबोर्डवरून काढले. दुसऱ्यांदा वाचताना कच्च्या कागदावर फक्त सांधे टिपले: ‘त्यामुळे’, ‘आता’, ‘तेव्हाच’. मग उतारा झाकला आणि लेखक काय म्हणाला ते शेजाऱ्याला सांगावं तसं एका वाक्यात लिहिलं. उतारा समोर उघडा ठेवून लिहिलं की गोधडी होणारच. स्वतःचं मत एका शब्दानंही घालायचं नाही. ‘म्हणून सरकारने पावलं उचलावीत’ हे उताऱ्यात नाही, तर सारांशातही नाही.

अनामिक वाचक

मी पत्राबद्दल सांगतो. एका केंद्रीय भरतीत हातानं लिहायचा पेपर होता. पत्राखाली मी एक खोटं नाव आणि खोटा पत्ता घातला, शाळेत शिकवलं होतं तसंच. निकालात शून्य. ओळख उघड केली असं कारण होतं. माझं नाव ते नव्हतंच. पण सूचनेत लिहिलं होतं की खरं किंवा काल्पनिक कोणतंही नाव, पत्ता, नंबर घालू नका. ती सूचना मी वाचली नव्हती, कारण त्याआधीच्या पेपरच्या निकालाची चिंता डोक्यात होती. आता मी नावाच्या जागी ‘एक्सवायझेड’ आणि पत्त्याच्या जागी ‘एबीसी’ लिहितो. आणि उत्तराला हात लावण्याआधी सूचना बोट ठेवून वाचतो.

नांदेडकर_07

शाखा अधिकारी सर, मी चुकलो, जाहिरात काढून बघितली. सुपारीताई, माफ करा. पण एक विचारू? शब्दमर्यादा ओलांडली तर मार्क कापतात का? 250 सांगितले आणि मी 290 लिहिले.

शाखा अधिकारी (8 वर्षं)

सारांशात मर्यादा हाच प्रश्न असतो, तिथे ओलांडणं म्हणजे उत्तरच चुकलं. निबंधात 40 शब्दांनी नेमकं किती जातं हे मला कुणी तपासणाऱ्यानं सांगितलेलं नाही. मी स्वतः दहा-वीसच्या पुढे जात नव्हतो, मुख्यतः वेळ वाचावा म्हणून.

किल्लारीची

माझ्या बॅचमधल्या एकीचे 300 च्या वर गेले होते आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मिळाले. त्यामुळे मला तरी यावर खात्रीनं बोलता येत नाही.

सुपारीचं झाड

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या प्रयत्नाचं सांगायचं राहिलं. त्या वेळी मी पत्र आधी घेतलं. पत्राची चौकट ठरलेली असते, ते 11 मिनिटांत संपलं. मग निबंधाचे चार मुद्दे कच्च्या कागदावर दोन मिनिटांत लिहिले आणि ठरवलं की चौथ्या मुद्द्याला पाच मिनिटं उरली नसतील तर तो सोडायचा. सोडावा लागला. तीन मुद्दे आणि शेवटचा परिच्छेद, 230 शब्द. त्या वर्षी 50 पैकी 29 आले.

आधी निबंध घेऊन ज्यांना चांगले मार्क पडलेत असं कुणी आहे का इथे? तुमचा वेळ कसा वाटला गेला ते मिनिटांसकट लिहा.