वर्गणीचं वॉलेट अडकलंय: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सोमवार, रात्री ८:१०

सुनीता काकू, बी-४०३: नमस्कार सगळ्यांना. गणपतीची वर्गणी माझ्या ज्या वॉलेटवर तुम्ही सगळ्यांनी टाकली, ते सकाळपासून बंद झालंय. आत ७,८६० रुपये आहेत. उघडलं की 'ओळख पडताळणी बाकी, व्यवहार तात्पुरते थांबवले' असं येतंय. आधार आणि पॅनचे फोटो दोनदा टाकले, दोन्ही वेळा नाकारले. मूर्तीवाल्याला त्यातले ३,००० द्यायचेत. रात्रभर झोप लागणार नाही मला, लोकांचे पैसे आहेत.

महेश, ए-१०२: काकू, मी नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधलाय. टाकू का इथे?

मेघना, सी-२०४: महेशदादा, तो नंबर टाकू नका. काकू, तुम्हीपण कुठल्या नंबरवर फोन करू नका. खातं अडकलेल्या माणसाचीच वाट बघत असे खोटे नंबर नेटवर पेरून ठेवलेले असतात. ते स्क्रीन शेअरचं ॲप घ्यायला लावतात नाहीतर ओटीपी मागतात. कागद फक्त ॲपच्या आतल्या 'मदत' विभागातून द्यायचे. मी आठ वर्षं एका पेमेंट कंपनीत केवायसी तपासणीचं काम केलंय, हे असंच होताना खूप बघितलंय. आपण नीट करू.

अण्णा, ए-३०१: पैसे बुडणार नाहीत ना मेघना? एवढंच सांग आधी.

मेघना: नाही अण्णा. बँक नसलेल्या वॉलेट कंपनीला ग्राहकांचे पैसे बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला स्वतःसाठी वापरता येत नाहीत अशा खात्यात ठेवावे लागतात. खातं थांबलंय म्हणजे काकूंना पैसे हलवता येत नाहीत, शिल्लक काकूंचीच आहे.

काकू, आधी दोन गोष्टी बघून सांगा. त्या संदेशाखाली कागद जोडायचं बटण आहे का? आणि कुठे 'लीन' म्हणजे पैसे रोखल्याची खूण, 'सायबर तक्रार' किंवा पोलिसांचा संदर्भ क्रमांक दिसतोय का?

सुनीता काकू: बटण आहे. बाकी काही नाही.

मेघना: बरं झालं. पोलिसांच्या सांगण्यावरून थांबवलं असतं तर कंपनीला कितीही कागद दिले तरी उपयोग नसता, संबंधित सायबर सेलकडेच जावं लागलं असतं. हे कंपनीनेच पडताळणीसाठी थांबवलंय. आता मागच्या आठवड्यात आत काय आलं, बाहेर काय गेलं, ते सांगा. एकही नोंद सोडू नका.

सुनीता काकू: आधीचे ८६० होते. ५ आणि ६ तारखेला वर्गणी आली. ६ ला रात्री २४,००० माझ्या बँकेत घेतले आणि तिथून मंडपवाल्याला १४,००० आणि लाइट-साउंडवाल्याला १०,००० पाठवले. बिलं आहेत.

मेघना: काकू, आता तपासणाऱ्याच्या जागी बसून बघा. एरवी महिन्याला पाच-सहा व्यवहार होणाऱ्या खात्यात दोन दिवसांत ३५ वेगवेगळ्या लोकांकडून पैसे येतात आणि त्याच रात्री बहुतेक रक्कम बँकेत निघून जाते. फसवणुकीचे पैसे फिरवायला जी भाड्याची खाती वापरतात, ती अगदी अशीच दिसतात. यंत्रणेला आपला गणपती दिसत नाही, आकडे दिसतात. कंपनी खरं कारण उघड सांगत नाही, काही बाबतीत कायद्याने तिला सांगताही येत नाही. त्यामुळे ओळख आणि व्यवहार, दोन्हींचं उत्तर एकदमच द्यायचं.

रात्री ९:०५

सुनीता काकू: पण मी तर आधार-पॅन दोन्ही दिलं होतं गं. नाकारायचं कारण काय?

मेघना: दोन्हींचे फोटो मला इथे नको, माझ्याकडे वेगळे पण पाठवू नका. मी वरती येते, मोबाइलवरच बघते.

रात्री ९:४०

मेघना: बघितलं. काकूंनी सांगितलं म्हणून इथे लिहिते, अजून कुणाचं असं असेल तर कळावं. काकूंच्या आधारवर सासरचं नाव आहे आणि पॅनवर माहेरचं. पॅन लग्नाआधी काढलेलं. आई-मावशीच्या वयाच्या कितीतरी बायकांचं हेच असतं. वॉलेट घेताना कुणाच्या लक्षात आलं नाही, आता तपासणी झाली तेव्हा दोन वेगळ्या बायका दिसल्या. शिवाय पॅन प्लास्टिकच्या कव्हरमध्येच ठेवून ट्यूबलाइटखाली फोटो काढलेला. पांढऱ्या चकाकीत क्रमांकाची शेवटची तीन अक्षरं बुडालीत, खालचा कोपराही कापला गेलाय. कार्ड बाहेर काढून, काळ्या कपड्यावर ठेवून, सकाळी खिडकीपाशी उजेडात फोटो काढायचा. चारही कोपरे दिसले पाहिजेत.

शिल्पा, बी-२०१: मग आधी पॅनवरचं नाव बदलावं लागेल? त्याला दिवस जातील की. चतुर्थी १२ दिवसांवर आलीय.

मेघना: बदलायचंच, पण त्यासाठी थांबायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमात यासाठी सोय आहे. कागद निघाल्यावर नाव बदललेलं असेल तर राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत जोडली की जुन्या नावाचा कागदही चालतो. लग्नपत्रिका किंवा दोघांचा फोटो चालत नाही. काकूंनी पासपोर्टसाठी महापालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला काढलेला आहे, तो जोडू. त्यावर दोन्ही नावं आहेत, दोन कार्डांना जोडणारा दुवा तोच.

आधार मात्र मास्क केलेलं द्यायचं, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं.

मंगळवार, सकाळी ७:३०

सुनीता काकू: मी रात्री बसून पत्र लिहिलंय, बघ गं. "महोदय, मी गेली ३० वर्षं जुळे सोलापुरात राहते. आमचं कुटुंब प्रतिष्ठित आहे. सण तोंडावर आला आहे. खात्यात आलेले सर्व ३१,००० रुपये गणपतीच्या वर्गणीचे आहेत. कृपा करून खातं सुरू करावं."

मेघना: काकू, वर्गणी ३६ फ्लॅटची, प्रत्येकी ७५०. म्हणजे २७,००० होतात. ३१,००० कसे?

सुनीता काकू: ४,००० माझ्या भावाने हैदराबादहून पाठवले होते, आईच्या औषधांचे. म्हटलं उगाच कशाला वेगळं सांगायचं, सगळं वर्गणीचंच लिहून टाकावं.

मेघना: नाही काकू, इथेच अर्ज फसतो. त्यांच्यासमोर सगळं स्टेटमेंट उघडं असतं. ७५०-७५० च्या रांगेत एक ४,००० ची नोंद आणि तुम्ही म्हणता वर्गणी. त्या एका ओळीमुळे बाकीच्या खऱ्या २७,००० वरही शंका येते. जे जसं आहे तसं लिहायचं. भावाने बहिणीला पैसे देणं यात काही गैर नाही.

प्रतिष्ठा, सण, विनंती हे सगळं काढून टाकू. तुमचं मन त्यात आहे हे मला कळतं, पण तपासणारा माणूस पत्रातला आकडा घेऊन स्टेटमेंटवर बोट ठेवतो. तो जुळला की पुढे जातो. मी असं लिहिलंय:

"विषय: ओळख पडताळणीसाठी थांबवलेलं वॉलेट सुरू करण्याबाबत. तक्रार क्रमांक: ____

माझ्या आधारवर विवाहानंतरचं आणि पॅनवर विवाहापूर्वीचं नाव आहे. दोन्ही नावं मीच धारण केलेली आहेत. पुरावा म्हणून महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं आहे. पॅनवरील नावात बदलासाठी अर्ज केला आहे, त्याची पोच सोबत आहे.

दि. ५ व ६ ऑगस्टच्या व्यवहारांचा खुलासा: आधीची शिल्लक ८६० रुपये. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या गणेशोत्सवाची वर्गणी प्रति फ्लॅट ७५० रुपये. ३४ जणांकडून प्रत्येकी ७५० आणि दोन फ्लॅट असलेल्या एका सदस्याकडून १,५००, एकूण ३५ नोंदी, २७,००० रुपये. याखेरीज ५ ऑगस्टची ४,००० रुपयांची एक नोंद माझ्या भावाने आईच्या औषधांसाठी पाठवलेल्या पैशांची आहे. ६ ऑगस्टला २४,००० रुपये माझ्या स्वतःच्या बँक खात्यात घेतले. त्यातून मंडपासाठी १४,००० व लाइट-साउंडसाठी १०,००० दिले. वॉलेटमधील शिल्लक ७,८६० रुपये.

हे वॉलेट मी व्यवसायासाठी वापरत नाही. खातं सुरू करावं, किंवा आणखी नेमका कोणता कागद हवा ते लेखी कळवावं."

अण्णा: ८६० अधिक ३१,०००, वजा २४,०००. बरोबर ७,८६०. जुळलं बघ.

मेघना: हो अण्णा, ही बेरीज जुळल्याशिवाय पाठवायचंच नाही. पॅनचा अर्ज मात्र पत्र पाठवायच्या आधी आजच ऑनलाइन भरू, नाहीतर ते वाक्य खोटं ठरेल. पत्र मी इंग्रजीत करून देते. शेवटची ओळ काढू नका. नुसतं 'सुरू करा' म्हटलं की 'कागद अपुरे' एवढंच ठरावीक उत्तर येतं.

महेश: सोसायटीकडून काय हवं?

मेघना: लेटरहेडवर सेक्रेटरींच्या सहीचं पत्र, की यंदाची वर्गणी काकूंनी सोसायटीच्या वतीने जमा केली. पावतीपुस्तकाची पानं, दोन्ही बिलं आणि काकूंच्या बँकेच्या स्टेटमेंटचं तेवढंच पान, ज्यात २४,००० आलेले आणि गेलेले दिसतात. पावत्यांवरचे आपले मोबाइल नंबर झाका. शेजाऱ्यांचे आधार-पॅन कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत, इथे त्यांची गरज नाही.

शिल्पा: आणि त्यांनी उत्तरच दिलं नाही तर?

मेघना: तक्रार क्रमांक जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. नियमानुसार वॉलेट कंपनीने शक्यतो ४८ तासांत तक्रारीवर काम सुरू करायचं आणि ३० दिवसांच्या आत ती निकाली काढायची. दोन दिवसांत हालचाल दिसली नाही तर तोच क्रमांक टाकून त्यांच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल करू, पत्ता ॲपमध्ये असतो. ३० दिवस उलटले किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. पण कंपनीकडे लेखी तक्रार केल्याशिवाय थेट तिकडे गेलं तर परत पाठवतात. आणि दर चार तासांनी नवी तक्रार टाकू नका काकू, एकाच क्रमांकाखाली सगळं राहू दे. पाच तक्रारी केल्या तर पाच माणसं अर्धे-अर्धे कागद बघत बसतात.

शुक्रवार, दुपारी १:२०

सुनीता काकू: त्यांचं उत्तर आलं. व्हिडिओवर पडताळणी करायची म्हणतात. लिंक ॲपमध्येच आलीय.

मेघना: छान. मूळ पॅन कार्ड हातात ठेवा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा आणि खिडकीकडे तोंड करून बसा. नावाबद्दल विचारलं तर पत्रातलंच सांगा. ते ओटीपी किंवा पिन तोंडी मागणार नाहीत. मागितला तर कॉल तिथेच बंद करा.

शुक्रवार, दुपारी ३:४५

सुनीता काकू: झालं. बाईंनी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, जन्मतारीख विचारली, भावाच्या ४,००० बद्दलही विचारलं. मी जसं होतं तसं सांगितलं.

रविवार, सकाळी १०:०५

सुनीता काकू: सुरू झालं! ७,८६० दिसतायत. सगळे बँकेत घेतले. मूर्तीवाल्याला ३,००० आत्ताच दिले, पावती ग्रुपवर टाकते. मेघना, संध्याकाळी ये गं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ठेवते.

अण्णा: सेक्रेटरीसाहेब, पुढची वर्गणी सोसायटीच्या बँक खात्यावरच घेऊ. रविवारच्या मीटिंगमध्ये पहिला विषय हाच ठेवा.