मदत हवी आहे: साथीचा तपास (पीएसएम लघुत्तर), बासुंदी की मठ्ठा?

केळीबाग
धुळ्यात एमबीबीएस करते आहे, पुढच्या आठवड्यात पीएसएमची परीक्षा. साथीच्या तपासाच्या पायऱ्या पाठ आहेत, पण सरावाचं गणित आलं की गाडी अडते. गणित असं आहे: लग्नात दुपारी साडेबाराला पंगत. २०० जण जेवले, ८० जणांना उलट्या, काहींना जुलाबही. ताप कुणालाच नाही. पहिली उलटी ३ वाजता, बहुतेकांना ५ च्या आत, शेवटचा रुग्ण ७ वाजता.

बट्टी: खाल्ली १९०, आजारी ७७. न खाल्ली १०, आजारी ३.
वांग्याची भाजी: खाल्ली १५०, आजारी ६३. न खाल्ली ५०, आजारी १७.
बासुंदी: खाल्ली १२०, आजारी ७२. न खाल्ली ८०, आजारी ८.
मठ्ठा: प्यायले ४०, आजारी २५. न प्यायले १६०, आजारी ५५.

रूममेट म्हणते मठ्ठा, कारण त्याचा अटॅक रेट ६२.५ टक्के, बासुंदीचा ६०. मला बासुंदी वाटते, पण का ते लिहिता येत नाही. शिवाय खाली विचारलंय, 'सेकंडरी अटॅक रेट काढता येईल का?' कुणीतरी नीट सांगा.

बट्टीप्रेमी
बट्टीच असणार भाऊ. ७७ जण आजारी, सगळ्यात मोठा आकडा.

तापीकाठ
@बट्टीप्रेमी, बट्टी २०० पैकी १९० जणांनी खाल्ली, मग आजारी लोकांत तिचं नाव येणारच. न खाणाऱ्या १० जणांतही ३ आजारी आहेत. खाणारे ४०.५ टक्के, न खाणारे ३० टक्के, फरक फार नाही.
@केळीबाग, नियम साधा आहे: ज्या पदार्थाचा खाणाऱ्यांतला अटॅक रेट सर्वांत जास्त, तो दोषी. म्हणून तुझ्या रूममेटचं बरोबर. सेकंडरी अटॅक रेट म्हणजे नंतर आजारी पडलेले भागिले एकूण लोक, तोही काढून टाक.

डॉ_सातपुडा
तालुक्याच्या आरोग्य पथकात काम केलंय म्हणून लिहितो. @तापीकाठ, बट्टीबद्दल जे केलंस तेच मठ्ठ्याला कर की! दोन्ही बाजू बघायच्या. मठ्ठा न पिणाऱ्यांत ५५ आजारी, म्हणजे ३४.४ टक्के. ६२.५ भागिले ३४.४ म्हणजे सुमारे १.८ पट. बासुंदी न खाणाऱ्यांत फक्त १० टक्के, म्हणजे ६ पट. आणखी एक गोष्ट बघ: ८० पैकी मठ्ठा प्यायलेले २५ च. उरलेल्या ५५ जणांना कशाने झालं, याचं उत्तर मठ्ठ्याकडे नाही. बासुंदी ७२ जणांच्या पोटात सापडते.

मग मठ्ठ्याचा आकडा फुगला कसा? केळीबाग, तुझ्याकडे रुग्णयादी असेल तर मठ्ठेवाले बासुंदी खाल्लेले आणि न खाल्लेले असे वेगळे कर.

केळीबाग
आहे सर. मठ्ठा प्यायलेल्या ४० पैकी ३८ जणांनी बासुंदीही खाल्ली, २५ आजारी त्यांच्यातलेच. उरलेले दोघे ठणठणीत. मठ्ठा नाही पण बासुंदी खाल्ली असे ८२, त्यांत ४७ आजारी. दोन्ही नाही असे ७८, त्यांत ८.

डॉ_सातपुडा
बघ, बासुंदी खाल्ली की मठ्ठा असो वा नसो, साधारण ५७ ते ६६ टक्के आजारी. नुसता मठ्ठा पिणारे दोघेच, त्यांच्यावरून ठाम काही म्हणता येत नाही, पण मठ्ठ्याला दोष देण्यासारखंही काही हाती लागत नाही. तो बासुंदीच्या सोबतीने बदनाम झाला.

आता वेळ. साडेबारा ते तीन म्हणजे अडीच तास, शेवटचा साडेसहा तासांवर. उलट्या जास्त, ताप नाही. हे तयार विषाचं लक्षण, म्हणून संशय स्टॅफिलोकोकस ऑरियसवर. साल्मोनेला इतक्या लवकर सहसा येत नाही, आणि तिच्यात ताप असतो. बॅसिलस सीरियसचा उलट्यांचा प्रकारही १ ते ६ तासांतच येतो, म्हणून नुसत्या घड्याळावरून नाव पक्कं करू नकोस. उरलेली बासुंदी, रुग्णांची उलटी, आचारी-वाढप्यांच्या नाकातला स्वॅब आणि हातावरचं गळू-जखम, हे तपासायला हवं. बासुंदी उकळलेली होती म्हणून ती निर्दोष, असंही लिहू नकोस. नंतर हात लागला आणि ती तासन्‌तास कोमट राहिली की जंतू विष तयार करतात. पुन्हा उकळून जंतू मरतील, विष टिकतं.

सेकंडरी अटॅक रेट इथे लागू नाही. हा आजार रुग्णाकडून घरच्यांना लागत नाही, सगळे एकाच पातेल्यातून आजारी पडले. कांजिण्यांसारख्यात तो काढतात. घरात सहा जण, पहिला मुलगा आजारी, दोघांना पूर्वी येऊन गेलेल्या. राहिले तिघे. त्यांतल्या दोघांना एका इन्क्युबेशन पिरियडच्या आत आल्या तर ३ पैकी २. पहिला रुग्ण वरही नाही, खालीही नाही. 'एकूण लोक' खाली घेतले की गुण गेलेच.

केळीबाग
आते समजनं! पण पायऱ्यांत हे कुठे बसवू? आधी निदान पक्कं करायचं, मग साथ आहे का ते, मग धोक्यातली लोकसंख्या...

डॉ_सातपुडा
क्रम तोच लिही, पण प्रत्येक पायरीला लग्नातलं काहीतरी टाक. धोक्यातली लोकसंख्या म्हणजे जेवलेले २००, गाव नव्हे. रुग्णाची व्याख्या: त्या दुपारी त्या लग्नात जेवलेली आणि पुढच्या २४ तासांत उलटी किंवा तीन वा जास्त जुलाब झालेली व्यक्ती. 'बासुंदी खाल्लेली' हे व्याख्येत कधीच घालायचं नाही, नाहीतर जे सिद्ध करायचं ते आधीच गृहीत धरलं जातं. बऱ्याच पेपरांत हीच गफलत असते. मग वेळ-स्थळ-व्यक्ती, त्यातून गृहीतक, आणि वरचा तक्ता म्हणजे त्याची चाचणी. प्रत्यक्षात ओआरएस वाटणं, उरलेलं अन्न थांबवणं, नमुने थंड ठेवून पाठवणं पहिल्या तासातच सुरू होतं. शेवटच्या पायरीची वाट कुणी बघत नाही.

शहादेकर
माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्या गावात पहिल्या पावसानंतर जुलाबाचे रुग्ण आठवडाभर येत राहिले. पाणी सगळेच पितात, मग 'न पिणारे' कुठून आणायचे?

डॉ_सातपुडा
मग पाणी कुठलं, यावर घरं वाटायची: नळ कुठल्या टाकीचा, कोण हातपंपाचं, कोण विहिरीचं. घरांच्या नकाशावर रुग्णांचे ठिपके टाकायचे. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती तेच केलं. आठवडाभर रुग्ण येत राहिले म्हणजे एका जेवणासारखा एकच उंचवटा नाही. दूषित पाणी सतत मिळत राहिलं असेल किंवा माणसाकडून माणसाकडे गेलं असेल.

शहादेकर
आमच्याकडे एकाच घरात नळही आणि हातपंपही. नळ आला नाही तर पंप.

तापीकाठ
मग रोज कुठलं पाणी प्यायलं ते विचारावं लागेल. आठवडा उलटल्यावर कुणाला आठवणार?

केळीबाग
आठवणीवरूनच विचारते. बासुंदी न खाता आजारी पडलेल्या ८ जणांचं काय? ते आठवत नसल्यामुळे की तोच डाव दुसऱ्या भांड्यात गेल्यामुळे?

डॉ_सातपुडा
दोन्ही शक्य. एखाद्याला त्याच दिवशी वेगळ्याच कारणाने उलटी झालेली असू शकते. तक्त्यावरून ठरत नाही. त्या आठ जणांना पुन्हा भेटून विचारावं लागतं, आणि तुझ्या गणितात ते लोक नाहीत.