मदत हवी आहे : दगडी कोळसा बदलल्यावर ईएसपीची धूळ दुपटीने वाढली, बॅग फिल्टर बसवणे अटळ आहे का?

सोलापूरजवळच्या एका कारखान्याच्या स्वतःच्या वापरासाठी असलेल्या कोळशावरील वीजसंचावर मी देखभाल पाहतो. संच 2010 चा असल्यामुळे डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेप्रमाणे चिमणीतील धुळीची मर्यादा 50 मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर आहे, आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्ही 42 च्या आसपास असायचो. त्यानंतर कमी गंधकाचा, जास्त राखेचा कोळसा येऊ लागला आणि आता आकडा 95 पर्यंत जातो. आमच्या ईएसपीला, म्हणजे धुळीला विजेचा भार देऊन ती प्लेटवर ओढणाऱ्या यंत्रणेला, एकामागे एक असे चार विद्युत भाग, म्हणजे फील्ड आहेत. धूळ वाढली म्हणून आम्ही प्रत्येक फील्डचा करंट वाढवत नेला, तरी फरक पडला नाही, उलट शेवटच्या दोन फील्डमध्ये व्होल्टेज घसरलेले दिसते. स्पार्किंग जवळपास नाही. ईएसपी काढून तिच्याच कवचात कापडी पिशव्यांतून वायू गाळणारा बॅग फिल्टर बसवावा, असे व्यवस्थापनाचे मत आहे. तो खर्च टाळता येईल का?

रॅपिंगवाला : करंट आहे आणि व्होल्टेज नाही, म्हणजे प्लेटवर राखेचा थर साचला आहे. प्लेट ठोकून राख झाडणाऱ्या हातोड्यांच्या दोन ठोक्यांमधला कालावधी निम्मा करा, काम होईल. खाली राख साठवणारे हॉपरही तपासा. राख इलेक्ट्रोडपर्यंत चढली असेल, तरी असेच दिसते.

साखरपट्ट्यातला : आमच्याकडे बगॅसवर बॉयलर चालतो आणि ओल्या स्क्रबरने भागते. तुम्हीही पाण्याचा फवारा का मारत नाही?

निवृत्त संचप्रमुख : साखरपट्ट्यातले साहेब, बगॅसच्या राखेत न जळलेला कार्बन बराच असतो, त्यामुळे तिचे विद्युतवर्तन वेगळे असते. इथे प्रश्न कोळशाच्या राखेचा आहे. रॅपिंगवाल्यांचे निदान अर्धे बरोबर आहे. हॉपर भरून शॉर्ट झाले असते, तर व्होल्टेज जवळपास शून्यावर आले असते. इथे ते फक्त घसरले आहे आणि स्पार्कही नाहीत. त्यामुळे मला बॅक कोरोनाचा संशय येतो. कमी गंधकाच्या कोळशाची राख वीज सहज वाहू देत नाही. प्लेटवरच्या थरातून विद्युतभार निघून जात नाही, थरातल्या पोकळ्यांत विसर्जन सुरू होते आणि तिथून उलट्या भाराचे आयन वायूत परत येतात. ते येणाऱ्या धूलिकणांचा भार नाहीसा करतात. करंट जितका वाढवाल, तितके हे वाढते. आपल्याला मीटर चांगला वाटतो, धूळ मात्र सुटते, आणि हीच यातली फसवणूक आहे.

खात्री करण्यासाठी चौथ्या फील्डचा करंट शंभर मिलिअँपिअरपासून पायरीपायरीने वाढवा आणि प्रत्येक पायरीवर व्होल्टेज लिहून ठेवा. निरोगी फील्डमध्ये ते स्पार्कपर्यंत चढतच जाते. बॅक कोरोनात ते एका टप्प्यानंतर मागे वळते.

धागाकर्ता : आज दुपारी चाचणी केली. 100 मिलिअँपिअरला 31 किलोव्होल्ट, 200 ला 36, 300 ला 33 आणि 450 ला 27. आम्ही सहा महिने हा फील्ड 450 वर चालवत होतो, हे लिहायलाही संकोच वाटतो. करंट 180 वर आणल्यावर, इतर काहीही न बदलता, धूळ दोन तासांत 71 झाली.

निवृत्त संचप्रमुख : आता कंट्रोलरवर इंटरमिटंट चार्जिंग लावा, म्हणजे काही अर्धलहरी देऊन पुढच्या काही वगळायच्या. सरासरी करंट कमी राहतो, शिखर व्होल्टेज टिकते आणि थराला भार सोडायला वेळ मिळतो. हा थर प्लेटला घट्ट चिकटतो, म्हणून एका वेळी एकाच फील्डची वीज काही क्षण कमी करून हातोडे चालवा. सगळीकडे नुसता कालावधी निम्मा केलात, तर सुटलेली राख वायूबरोबर चिमणीकडे जाईल. एअर प्रीहीटरनंतरचे तापमान किती आहे?

धागाकर्ता : 151 अंश. पूर्वी 134 असायचे.

निवृत्त संचप्रमुख : मग दुसरा दोषी तोच. या पट्ट्यात तापमान चढले की राखेच्या पृष्ठभागावरून होणारे वहन कमी होते, शिवाय वायूचे आकारमान वाढून त्याचा ईएसपीतला मुक्काम घटतो. प्रीहीटरच्या नळ्या स्वच्छ करा. गंधक कमी असल्यामुळे आम्लाचा दवबिंदूही खाली असतो, तेव्हा 134 ला गंजण्याची फार भीती नको.

प्रकल्प आराखड्यावर काम करणारी : बॅग फिल्टरला राखेच्या विद्युतरोधाशी देणेघेणे नसते, म्हणून 50 च्या खाली जाण्याची खात्री तोच जास्त देतो. पण ईएसपीत दाब जेमतेम 25 मिलिमीटर पाण्याइतका कमी होतो, तर बॅग फिल्टरमध्ये 120 ते 150 होतो. वायू चिमणीकडे खेचणाऱ्या आयडी फॅनची शिल्लक ताकद तपासल्याशिवाय निविदा काढू नये. सुरुवातीला तेल जाळताना बॅगांवर चिकट थर बसतो, आणि 151 अंश असलेल्या वायूत तापमान आणखी उसळले तर पीपीएस कापडाचे आयुष्य घटते. प्रीहीटर तुम्हाला दोन्ही वाटांवर दुरुस्त करावाच लागेल.

धागाकर्ता : चौथ्या आणि तिसऱ्या फील्डला 1:3 प्रमाणात इंटरमिटंट चार्जिंग लावून धूळ 62 वर आली आहे. प्रीहीटर पुढच्या बंदच्या काळात उघडणार आहोत. फॅनच्या पट्टीवर मोटरचा करंट 88 टक्के दिसतो, एवढ्यात बॅग फिल्टरचा दाब पेलेल का, यावर कोणाचा अनुभव असल्यास लिहावा.

रॅपिंगवाला : पहिला फील्ड ठेवून फक्त मागच्या भागात बॅगा बसवलेले संच मी पाहिले आहेत. बॅगांवर राख कमी येते, त्यामुळे त्या झाडण्यासाठी हवेचे पल्स कमी द्यावे लागतात. पण तिथला फॅन नवा होता.