मदत हवी आहे: पाऊस पडला की गाडी थेट डबक्यात, आकडे मात्र झकास

गठ्ठेवाला:
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. शेडमधून गोडाऊनपर्यंत गठ्ठे नेणारी, कॅमेऱ्याने बघून स्वतःच चालणारी चारचाकी गाडी मी आणि मामेभावाने मिळून बनवली. मधलं अंगण साठेक मीटरचं: निम्मं शहाबादी फरशीचं, निम्मं मुरमाचं, आणि गोडाऊनच्या तोंडाशी खाली उतरणारी एक पायरी.

कॅमेरा जमिनीपासून 60 सेंमीवर आहे. चित्र 320×240 करून रास्पबेरी पाय 5 वर torchvision मधलं `lraspp_mobilenet_v3_large` हे मॉडेल चालवतो, ते चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला एक वर्ग देतं. वर्ग चार: चालण्याजोगं, पाणी, पायरी, खडबडीत. सहा दिवसांच्या व्हिडिओतून 1400 फ्रेम काढून रंगवल्या, त्यातले दोन दिवस पावसानंतरचे. व्हॅलिडेशनला पिक्सेल अचूकता 96 टक्के, पाण्याचा IoU, म्हणजे आम्ही रंगवलेलं पाणी आणि मॉडेलला दिसलेलं पाणी किती जुळतं तो आकडा, 1 पैकी 0.81. आम्ही खूश.

शनिवारी सर आली आणि गाडी रंगखान्यासमोरच्या डबक्यात सरळ घुसली. खालचे दोन गठ्ठे भिजले, वडिलांचं बोलणं इथे लिहीत नाही. नंतर रेकॉर्डिंग बघितलं तर डबक्याच्या कडेची बारीक रेघ तेवढी निळी, मधलं सगळं हिरवं, म्हणजे 'चाल बिनधास्त'. त्या हिरव्यात शेडचा पत्रा आणि कडुनिंब उलटे दिसत होते. मॉडेल लहान पडतंय का? मोठं घेऊ?

घरचा_झाडू:
आमच्याकडे फरशी पुसणारा रोबो आहे, तोही ओल्यात अडकतो. ब्रश काढून वाळवला की चालतो. तुमच्या गाडीला ब्रश कुठल्या बाजूला आहे?

गठ्ठेवाला:
दादा, ही पुसत नाही, गठ्ठे वाहते :)

फोटोवाला_राजू:
मॉडेल-बिडेल सोड. लेन्सवर पोलरायझर लाव, पाण्यावरची चमक जाते. तलावाचे फोटो काढताना आम्ही हेच करतो. चमक गेली की पाणी ओळखू येणारच.

तिरपी_नजर:
राजूभाऊ, निम्मं बरोबर. पण पोलरायझरचा पूर्ण परिणाम उभ्या रेषेपासून साधारण 53 अंशांवर पाहिलं तरच मिळतो. कॅमेरा 60 सेंमीवर असेल तर ती जागा गाडीपुढे जेमतेम 80 सेंमीवर येते. दोन मीटरवरचं डबकं 73 अंशांनी दिसतं. तिथे पाणी कितीतरी जास्त उजेड परत फेकतं आणि पोलरायझर लावला तरी त्यातला काही उरतोच. शिवाय चमक घालवून गाडीचा फायदा काय? ती गेली की तळाची फरशी दिसणार, म्हणजे मॉडेलला ते अजूनच चालण्याजोगं वाटणार.

गठ्ठेवाला, एक विचारते. 1400 फ्रेम ट्रेन आणि व्हॅलिडेशनमध्ये कशा वाटल्या?

गठ्ठेवाला:
ताई, सगळ्या एकत्र पिसून 80-20.

तिरपी_नजर:
तिथेच गोम आहे. एकाच व्हिडिओतल्या लागोपाठच्या फ्रेम म्हणजे जवळजवळ तेच चित्र. एक ट्रेनमध्ये गेली, तिची जुळी बहीण व्हॅलिडेशनमध्ये. मॉडेलने त्या दिवसाचं ते डबकं पाठ केलं आणि तू त्याच डबक्यावर परीक्षा घेतलीस. वाटणी दिवसावर कर. `din` म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या दिवसाचा क्रमांक, 0 ते 5:

```python
# 5 = पावसाचा दुसरा दिवस
tr = [i for i, d in enumerate(din) if d != 5]
va = [i for i, d in enumerate(din) if d == 5]
```

पावसाचा एक दिवस शिकायला, दुसरा तपासायला. आणि पिक्सेल अचूकतेकडे बघूच नकोस. 320×240 म्हणजे 76,800 पिक्सेल. त्यात पाणी 1,536 असेल, म्हणजे 2 टक्के, आणि मॉडेलने एकही ओळखलं नाही, तरी अचूकता 98 दिसेल.

सांगोल्याचा_डाळिंबवाला:
माझीही अशीच गाडी आहे, डाळिंबाच्या ओळींतून फवारणीचा पंप ओढते. मला गवताचा त्रास. गुडघाभर गवत 'खडबडीत' म्हणून थांबते, पण चाकं आरामात जातात. मीही दिवसावर वाटणी करू का?

तिरपी_नजर:
वाटणी करा, पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. गवताखाली दगड आहे की नाही ते चित्रात दिसतच नाही, त्यामुळे हाताने रंगवणाराही अंदाजच करतो. गाडी जिथून प्रत्यक्ष गेली ती चाकोरी जुन्या फ्रेमवर उमटवा आणि तेच लेबल धरा. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

गठ्ठेवाला:
ताई, केलं. पाण्याचा IoU 0.81 वरून 0.37! पिक्सेल अचूकता तरी 93. हसावं का रडावं.

आणखी एक सापडलं. शहाबादी ओली झाली की काळी पडते. मी ती चालण्याजोगी रंगवली होती, मामेभावाने पाणी म्हणून. आम्ही दोघंही बरोबरच म्हणतोय. आता ठरवलंय की फरशीचे सांधे दिसले तर ओलं, नाही दिसले तर पाणी.

तिरपी_नजर:
थांब, सांध्यांचा नियम फसवेल. तेच डबकं लांबून आरसा असतं, जवळ गेलं की नितळ पाण्यातून सांधे दिसतात. मग तीन मीटरवर पाणी आणि अर्ध्या मीटरवर फरशी अशी दोन लेबलं एकाच डबक्याला पडतील.

त्याऐवजी व्हिडिओ मागेपुढे कर. पाणी साचलंय हे सगळ्यात नक्की कळतं ती फ्रेम शोध, बहुतेक लांबची, जिथे पत्रा उलटा दिसतो. तिथे कड आख आणि तीच कड जवळच्या फ्रेमपर्यंत नेत जा. ज्या ओलसर फरशीत लांबूनही काही उलटं दिसत नाही ती चालण्याजोगी. दोघांनी पन्नास फ्रेम वेगवेगळ्या रंगवा आणि ताडून बघा. तुमचाच एकमेकांशी IoU 0.6 आला तर मॉडेलकडून 0.8 मागू नका.

शेवटचं: चारांत ज्याची शक्यता जास्त तो वर्ग, असं घेऊ नकोस. 'चालण्याजोगं' 0.8 च्या वर असेल तरच चाल. कोरड्याला पाणी म्हटलं तर गाडी उगाच थांबेल, उलटं झालं तर गठ्ठे भिजतील.

फोटोवाला_राजू:
बरं, पोलरायझर मागे घेतो. पण उन्हात डोळे दिपतात तेव्हा तो लागेलच.

गठ्ठेवाला:
दहा दिवसांनी परत आलो. सगळ्या पावसाच्या फ्रेम पुन्हा रंगवल्या, तीन नवे ओले दिवस घातले, त्यातला एक संध्याकाळचा. मॉडेल तेच. न बघितलेल्या दिवशी पाण्याचा IoU 0.63. रंगखान्यासमोर गाडी आता दीड मीटर आधी थांबते. कधीकधी काळ्या ओल्या फरशीलाही थांबते. तेव्हा मामेभाऊ पायाने ढकलतो.

उतरती पायरी मात्र अजिबात जमत नाही. चढती पायरी तीन मीटरवरून दिसते, उतरतीची नुसती रेघ.

तिरपी_नजर:
वरून बघताना उतरत्या पायरीचा उभा भाग दिसतच नाही. उरते ती रेघ, आणि ती फरशीच्या सांध्यासारखीच. हे नेटवर्कच्या गळ्यात मारू नकोस. बंपरवर VL53L1X हा किरण सोडून अंतर मोजणारा सेन्सर खाली तिरपा लाव. सपाट जमिनीचं अंतर आधी मोजून ठेव, त्याहून 8 सेंमी जास्त आलं की ब्रेक. पाण्यावर त्याचा किरण भलतीकडे उडतो, म्हणून वाचनच आलं नाही तर तोही खड्डाच धर.

गठ्ठेवाला:
मागवला. पण ताई, गोडाऊनच्या दारात दुपारी ऊन सरळ बंपरवर येतं. उन्हात हा सेन्सर टिकतो का?

तिरपी_नजर:
उन्हात पल्ला बराच घटतो. तुला मीटरभरच हवंय, पण त्या दारात दुपारी दोनला वाचून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

घरचा_झाडू:
आणि ब्रश?