शब्दचर्चा: 'आंतरिक प्रेरणा' म्हणजे नेमकं कशाच्या आत?

निळी शाई
एम.ए.चा मानसशास्त्राचा पेपर मराठीतून लिहितेय. विषय आहे वर्गातली बक्षिसं आणि शाबासकी. गाडी पहिल्याच पानावर अडलीय. इंट्रिन्सिक मोटिव्हेशनला एका ठिकाणी 'आंतरिक प्रेरणा' म्हटलंय, दुसरीकडे 'अंतःप्रेरणा', तिसरीकडे 'आंतरिक अभिप्रेरणा'. मी लिहिलं होतं, "वर्गात अपमान होईल या भीतीने अभ्यास करणाऱ्या मुलाची प्रेरणा आंतरिक असते, कारण भीती त्याच्या मनात असते." मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढून नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. चूक शब्दाची आहे की माझ्या समजुतीची?

कोकणकडा
'अंतःप्रेरणा' सगळ्यात आधी काढून टाका. "होडीत बसू नये असं मला आतूनच वाटलं" ही अंतःप्रेरणा. तिच्यात पूर्वसूचनेचा, कौल मिळाल्याचा वास आहे. मुलगा तासभर चित्र काढत बसतो त्याला कोणी अंतःप्रेरणा म्हणणार नाही.
'अभिप्रेरणा' हिंदीत रूढ आहे, मराठीत 'प्रेरणा' पुरते. एक अडचण मात्र राहतेच. "आजोबांकडून प्रेरणा मिळाली" असंही आपण म्हणतो, म्हणजे स्फूर्ती आणि कृतीमागचं कारण या दोन्हींना आपला एकच शब्द. पेपरात कुठला अर्थ घेताय ते सुरुवातीला एका वाक्यात सांगून टाका.

पेठेतला
एवढं काय अवघड आहे? माणसाच्या आतून येते ती आंतरिक, दुसऱ्याने बाहेरून लावलेली ती बाह्य. मुलाला कोणी सांगितलं नाही तरी तो अभ्यास करतो, म्हणजे आंतरिक. तुमचं वाक्य मला बरोबर वाटतं. मॅडमना विचारा प्रश्नचिन्ह कशासाठी ते.

जुना फळा
नाही हो. बहुतेक जण इथेच फसतात, आणि दोष थोडा आपल्या 'आंतरिक' या शब्दाचाही आहे. 'आत' म्हटलं की आपण माणसाच्या आत बघतो. मूळ कल्पनेत 'आत' आहे ते कामाच्या आत. काम करण्यातच त्याचा मोबदला मिळत असेल तर प्रेरणा आंतरिक. काम हे दुसऱ्या कशापर्यंत पोचायचं साधन असेल तर बाह्य, मग ते दुसरं खिशात पडो की मनात राहो.
भीती मनात असते हे खरं. पण तो मुलगा पुस्तक उघडतो ते अपमान टाळायला. उद्या अपमानाची शक्यताच उरली नाही तर पुस्तक मिटेल. म्हणजे त्याची प्रेरणा बाह्यच, फक्त पहारेकरी बाहेरून उठून डोक्यात येऊन बसलाय. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत या प्रकाराला वेगळं नावही आहे, इंट्रोजेक्शन: नियम गिळलेला असतो, पचलेला नसतो. मॅडमचं प्रश्नचिन्ह तिथे आहे.

कोकणकडा
मग 'अंगभूत प्रेरणा' म्हणूया का? उसाचा गोडवा अंगभूत, चहातली साखर वरून घातलेली. 'अंगभूत' म्हटलं की 'कशाच्या अंगात?' हा प्रश्न आपोआप पडतो.

जुना फळा
शब्द छान आहे. पण परीक्षकाला 'आंतरिक'ची सवय आहे, आणि अंगभूत म्हटलं की "जन्मतःच असलेली" असाही अर्थ निघतो. मी असतो तर 'आंतरिक'च ठेवला असता आणि पहिल्यांदा वापरताना "कामातच असलेली" असं सोबत जोडलं असतं.

सोनचाफा
मी अभ्यासक नाही, आई आहे. मुलगा दुसरीत आहे. पाढा म्हटला की दहा रुपये असं ठरवलं होतं. बारापर्यंत पाढे झटकन झाले. आता तेराच्या पाढ्याला वीस मागतो. ही आंतरिक की बाह्य? आणि आता दर कसा उतरवू?

पेठेतला
ताई, ही महागाई!

अडाणी मास्तर
हसू नका, माझीही तीच गत झालीय. चौथीचा वर्ग, पुस्तकांची पेटी. एक पुस्तक वाचलं की तक्त्यावर नावापुढे एक चांदणी. दोन आठवड्यांत तक्ता चमकायला लागला. मग लक्षात आलं की पेटीतली बारा-सोळा पानी पुस्तकंच फिरतायत, जाडी तशीच. एक मुलगी आधी जाड गोष्टींचं पुस्तक घेऊन खिडकीत बसायची, तीही पातळ पुस्तकं घ्यायला लागली. दिवाळीनंतर चांदण्या संपल्या, मी नव्या आणल्या नाहीत, आणि पेटीवर धूळ. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: बक्षीस म्हणजे आमिष, वर्गात नकोच.

जुना फळा
मास्तर, निरीक्षण खणखणीत, निष्कर्ष जरा लांब गेलाय. १९७३ चा एक प्रयोग सांगतो. निळी शाई, पेपरात हा एकच नीट मांडलात तरी पुरे.
लेपर, ग्रीन आणि निस्बेट. स्टॅनफर्ड विद्यापीठाची बिंग नर्सरी स्कूल, तीन ते पाच वर्षांची मुलं. आधी त्यांनी वर्गात रंगीत मार्कर ठेवले आणि मोकळ्या वेळात कोण आपणहून त्यांच्याकडे जातं ते लपून पाहिलं. प्रयोगात घेतली ती फक्त मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं. हा मुद्दा सोडू नका. मग एकेकाला वेगळ्या खोलीत नेऊन सहा मिनिटं चित्रं काढायला सांगितली. एका गटाला आधीच कार्ड दाखवलं: चित्रं काढलीस तर सोनेरी चांदणी आणि लाल रिबीन असलेलं हे 'गुड प्लेअर' बक्षीस मिळेल. दुसऱ्या गटाला तेच कार्ड दिलं, पण काम झाल्यावर, अचानक. तिसऱ्याला काहीच नाही.
एक-दोन आठवड्यांनी मार्कर पुन्हा वर्गात ठेवले, बक्षिसाचं नाव नाही. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी मोकळ्या वेळातला ८.६ टक्के वेळ चित्रांवर घालवला. काहीच न मिळालेल्यांनी १६.७ टक्के, अचानक मिळालेल्यांनी १८.१. म्हणजे तीच चांदणी, तीच रिबीन. अचानक मिळाली तेव्हा ओढ घटली नाही, बोलीवर मिळाली तेव्हा निम्म्यावर आली. शिवाय बोलीवाल्या मुलांची त्या सहा मिनिटांतली चित्रंही परीक्षकांना कमी दर्जाची वाटली. मास्तर, तुमची पातळ पुस्तकं ती हीच.

अडाणी मास्तर
मग माझं बरोबरच की.

जुना फळा
त्या खिडकीतल्या मुलीपुरतं बरोबर. तिची गोडी आधीपासून होती, तुम्ही ती स्वतः पाहिली होती आणि ती घटली. बाकीची मुलं चांदण्यांआधी पेटी उघडत होती का?

अडाणी मास्तर
खरं सांगायचं तर पाच-सहा जणच.

जुना फळा
मग उरलेल्यांचं काय गेलं? नसलेली गोडी घटत नाही. त्यांच्या बाबतीत चांदणी संपली आणि ते आधीच्या जागी परत आले, एवढंच म्हणता येतं. पेपरात हे दोन गट वेगळे ठेवा. पाढ्यांचंही तसंच. ताई, तेराचा पाढा पाठ करण्यात बहुतेक पोरांना मुळात काही गोडी नसते. दहा रुपयांनी फार मोडलं असं मला वाटत नाही, दर चढला हा तुमच्या घरातला व्यवहाराचा प्रश्न. पण त्याला आपणहून आकड्यांशी खेळायला आवडत असेल, गाड्यांच्या नंबरांची बेरीज करत असेल, तर त्याला मात्र भाव लावू नका.

सोनचाफा
करतो! बसच्या नंबरांची. कुणाला सांगत नाही, ओठ हलतात फक्त.

निळी शाई
हे पेपरात घेऊ का ताई, नाव न घालता? आणि सर, शाबासकीचं काय? तोही मोबदलाच ना? मग तीही गोडी मारते असं लिहू?

कोकणकडा
इथे मराठी तुमच्या मदतीला येईल. 'शाबासकी', 'कौतुक', 'दाद' हे तीन शब्द सरमिसळ करून वापरू नका. 'शाबास' फारसीतून आला, मूळ 'शाद बाश', म्हणजे आनंदी रहा. पण मराठीत शाबासकी वरून खाली येते: गुरुजी मुलाला देतात, मुलगा गुरुजींना देत नाही. कौतुकात मूळचं नवल, कुतूहल आहे, आणि त्यात माया मिसळते, म्हणून लेकराचं कौतुक होतं तसं लाडही होतात. दाद मात्र कामाला असते आणि जाणत्याकडून येते. गाण्यात नेमकी जागा घेतली की 'क्या बात है' येतं, गवयाचा स्वभाव चांगला आहे म्हणून नाही. दाद म्हणजे मुळात न्याय, म्हणून आपण कोर्टात दाद मागतो. कामाला मिळालेला न्याय.

जुना फळा
वा, हीच ती दाद. संशोधनातला फरक जवळजवळ याच रेघेवर पडतो. डेसींनी १९७१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सोमा नावाचे ठोकळ्यांचे कोडे दिले. एका गटाला सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या आठ मिनिटांत या गटाची कोड्यांकडची ओढ घटली. तोंडी वाहवा मिळालेल्यांची मात्र तशी घटली नाही. पुढे रायन यांनी १९८२ मध्ये दाखवलं की तोंडी बोलण्यातही दोन जाती आहेत. "तू हे बरोबर जोडलंस" यातून माहिती मिळते. "छान, तू करायला हवं होतंस तसंच केलंस" यात लगाम आहे. दुसऱ्या जातीने गोडी कमी होते.

पेठेतला
म्हणजे गोड बोलूनसुद्धा नुकसान? आमच्या बाईंचं "शाब्बास, असाच पहिला नंबर ठेव" हे त्यातच येतं मग.

जुना फळा
त्यातच. 'शाब्बास' बिनविषारी आहे, डंख 'असाच ठेव' मध्ये आहे.

निळी शाई
मग "शाबासकी आंतरिक प्रेरणा वाढवते, बक्षीस घटवते" असं सरळ लिहू?

जुना फळा
लिहू नका. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. तोंडी वाहवेचा फायदा कॉलेजच्या विद्यार्थ्यांत दिसला, लहान मुलांत तसा स्पष्ट दिसला नाही. उलट बाजूलाही माणसं आहेत. कॅमेरन आणि पिअर्स यांनी १९९४ मध्येच म्हटलं होतं की बक्षिसाच्या तोट्याचा बाऊ केला जातोय. हा वाद कोणी जिंकला असं मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. वस्तू, आधी कबूल केलेली, गोडी असलेल्या कामाला: या तिन्ही अटी एकत्र असतील तिथेच ठाम बोला.

निळी शाई
वाक्य बदललं: "अपमानाच्या भीतीने अभ्यास करणाऱ्या मुलाची भीती मनात असली तरी प्रेरणा बाह्यच, कारण अभ्यास हे अपमान टाळण्याचं साधन आहे." चालेल? आणि बक्षिसामुळे आधीची गोडी घटते त्या ओव्हरजस्टिफिकेशनला काय म्हणू? 'अतिसमर्थन परिणाम' असं एका ठिकाणी दिसलं.

कोकणकडा
वाक्य चालेल. 'अतिसमर्थन' नको, ते निवडणुकीच्या सभेतलं वाटतं. त्या मुलाच्या मनात काय होतं? "मी चित्र आवडीने काढतोय" या पुरेशा कारणावर "रिबिनीसाठी काढतोय" हे दुसरं कारण चढतं आणि पहिलं झाकतं. 'कारणाधिक्य' कसं वाटतं?

जुना फळा
अर्थ नेमका आहे, पण तोंडात बसत नाही. 'जादा कारणाचा परिणाम' म्हणा.

पेठेतला
'जादा' म्हटलं की मला एस.टी.ची जादा गाडी आठवते.

अडाणी मास्तर
आठवू दे. माझ्या वर्गाला तोच शब्द कळेल. खिडकीतली मुलगी आता पाचवीत गेलीय, परवा पेटीतलं ते जाड पुस्तक मागायला आली होती. किती पानांचं आहे ते मी विचारलं नाही.